सतरा कल्पना, सत्तेचाळीस दिवस : छोट्या अ‍ॅपचा तीन महिन्यांचा आराखडा

गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याला आमच्या वैनींचे स्वयंपाकघर आहे. तिथून रोज साधारण दीडशे डबे निघतात: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, फर्मागुडीच्या विद्यार्थ्यांकडे आणि फोंडा बाजारातल्या दुकानदारांकडे. शीतकडी, एक भाजी, तळलेल्या नुस्त्याचा म्हणजे मासळीचा तुकडा, सोलकढी. महिन्याचे पैसे आगाऊ घेतो. या डब्यांचे एक लहानसे अ‍ॅप आहे. ते मी आणि माझा एक जोडीदार सांभाळतो. तो पूर्ण वेळ, आणि मी नोकरी सांभाळून आठवड्याला दोन दिवस.

जूनच्या शेवटी आमच्या वहीत सतरा कल्पना होत्या. डबा नकाशावर दिसावा, अ‍ॅपचे पडदे कोकणी-मराठीत असावेत, डब्याला तारे देता यावेत, मित्राला आणले तर सूट मिळावी, रात्रीच्या काळ्या पडद्याची सोय व्हावी, असे बरेच काही. जुलै ते सप्टेंबर यांतले काय करायचे आणि कोणत्या क्रमाने, हे आम्ही कसे ठरवले ते इथे लिहितो. पहिल्यांदाच असा आराखडा करणाऱ्याने आपले आकडे घालून हीच वाट धरावी.

आधी एकच आकडा ठरवा

कल्पनेचा परिणाम मोठा की लहान, हा प्रश्न हवेत विचारला तर प्रत्येकाला स्वतःची कल्पना मोठी वाटते. परिणाम कशावर, ते आधी ठरले पाहिजे. तीन महिन्यांसाठी एकच आकडा घ्या, आणि तो आज तुमच्या नोंदीतून काढता येईल असाच घ्या. ‘ग्राहकांचे समाधान’ हा आकडा नव्हे.

आमच्याकडे दर महिन्याला सुमारे शंभर जणांची मुदत संपते. त्यातले ६२ पुन्हा पैसे भरतात, ३८ भरत नाहीत. नवे ग्राहक मिळतात, पण मागच्या दाराने तितकेच निघून जातात. म्हणून आकडा ठरला: शंभरांपैकी पुन्हा पैसे भरणारे किती.

मग त्या ३८ जणांना फोन केले. ३१ जणांनी उचलले. बाराजण म्हणाले, सुट्टीवर किंवा गावी गेलो तेव्हाचे डबे फुकट गेले, पैसे मात्र कापले गेले. सातजणांची बदली झाली होती किंवा कॉलेज संपले होते. सहाजण चक्क विसरले होते. मुदत संपली, डबा यायचा थांबला, मग त्यांनी शेजारची खाणावळ धरली. चौघांना सोमवारी, गुरुवारी किंवा संकष्टीला नुस्ते नको होते आणि ते सांगायची सोय नव्हती. दोघांना चव आवडली नव्हती. ही दोन वाक्ये वैनींना सांगायला मला जोडीदारालाच पाठवावे लागले.

हे फोन करायला दोन संध्याकाळी गेल्या. पण नकाशा कोणी मागितला नव्हता, तारे कोणी मागितले नव्हते, काळा पडदा तर नाहीच. सतरांपैकी दहा कल्पना या आकड्याच्या जवळपासही येत नव्हत्या. त्या खोडल्या नाहीत, वहीच्या मागच्या पानावर नेल्या. गुण द्यायला बसलो ते उरलेल्या सातांना, आणि त्यातल्या चार इथे उलगडून दाखवतो.

परिणाम मोजायचा तो माणसांत

गुण देण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे, ‘राइस’ नावाची. ती इंटरकॉम या कंपनीतून आली. किती जणांपर्यंत पोचेल, प्रत्येकावर किती परिणाम होईल आणि आपल्याला किती खात्री आहे, या तिघांचा गुणाकार करायचा आणि लागणाऱ्या मेहनतीने भागायचे. परिणामाला त्यात ३, २, १, अर्धा आणि पाव असे गुण असतात. हजारो ग्राहक असतील तर ते ठीक. दोनशे ग्राहकांच्या अ‍ॅपला मात्र माझे मत असे की पहिल्या दोन गोष्टी एकत्र करून सरळ माणसे मोजावीत: ही सोय आली तर महिन्याला किती जास्त जण पुन्हा पैसे भरतील? ‘परिणाम २’ यावर कोणी वाद घालू शकत नाही, कारण त्याचा अर्थच कोणाला ठाऊक नसतो. ‘सहाजण’ म्हटले की वैनीही म्हणतात, ‘सहा कुठले, चार म्हण.’

मी साधा नियम लावला. ज्या कारणाने जितके गेले, त्यातले निम्मे थांबतील असे धरायचे. लोक फोनवर सांगतात ते कारण नेहमीच पूर्ण खरे नसते, म्हणून निम्मे. त्याप्रमाणे डबा एक दिवस बंद ठेवून तो दिवस पुढे मिळण्याची सोय: सहाजण. मुदत संपण्याआधी आठवण करून देणारा संदेश: तीनजण. ठरावीक वारी शाकाहारी डबा: दोघे. पैसे दर महिन्याला आपोआप कापले जाण्याची सोय, म्हणजे यूपीआय ऑटोपे: हेही विसरणाऱ्यांसाठीच, म्हणून तीनजण.

इथे थांबा. नवखे हमखास इथेच चुकतात. आठवणीचा संदेश आणि ऑटोपे दोन्ही त्याच सहा विसरभोळ्यांसाठी आहेत. संदेशाने त्यातले तीन थांबले, तर ऑटोपेसाठी उरतात तीन, आणि त्यांचे निम्मे म्हणजे जेमतेम एक-दीड. आम्ही एक धरला. एकाच माणसाला दोन कल्पनांच्या खात्यात मांडले की बेरीज भरघोस दिसते आणि तीन महिन्यांनी आकडा हलत नाही. प्रत्येक कल्पनेसमोर ‘कोणत्या कारणासाठी’ असा एक रकाना ठेवला की ही चूक लगेच डोळ्यांत भरते.

खात्रीसाठी तीनच पायऱ्या पुरतात. करून पाहिले असेल किंवा लोकांनी स्पष्ट सांगितले असेल तर ०.८, अंदाज असेल तर ०.५, नुसती आवड असेल तर ०.२. पूर्ण १ मी कशालाच देत नाही. आठवणीचा संदेश आम्ही कोड न लिहिता तपासला. एका आठवड्यात ज्या वीसजणांची मुदत संपत होती, त्यांना वैनींनी तीन दिवस आधी हातानेच व्हॉट्सअ‍ॅप केले. नेहमीच्या हिशेबाने वीसांतले बाराजण भरतात. त्या आठवड्यात पंधराजणांनी भरले. वीसजणांत तीनचा फरक नशिबानेही पडू शकतो, म्हणून ०.८ वर थांबलो.

दिवस मोजताना डबा उघडून बघा

आता मेहनत. मेहनतीचे एकक एकच ठेवा: एका माणसाचा एक कामाचा दिवस. आणि तो मोजायचा काम सुरू झाल्यापासून ग्राहकाच्या हातात नीट चालेपर्यंत. कोड लिहून झाला इथपर्यंत नव्हे.

‘एक दिवस डबा बंद’ हे ऐकायला एका बटणाचे काम. जोडीदार म्हणाला, दोन दिवस. मी त्याला सकाळी सातला वैनींच्या स्वयंपाकघरात घेऊन गेलो. ओट्यावर वही उघडी, तिच्यात निळ्या शाईने मार्गावार नावे. बाजूला स्टीलचे डबे रचलेले, प्रत्येक झाकणावर खडूने क्रमांक. आदल्या रात्री पावणेनऊला कोणी ‘उद्या नको’ असे कळवले की वैनी वहीत त्या नावावर काट मारतात, पण तोवर बांगडे मोजून आणलेले असतात. डबे पोचवणारा मुलगा आपली यादी पाठ असल्यासारखा निघतो, त्याला काट दिसतच नाही. मग रिकाम्या खोलीच्या दारात डबा ठेवून येतो.

म्हणजे बटणाच्या मागे काय आले? आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत बंद करता येईल ती वेळ, जमा झालेला दिवस मुदतीत पुढे ढकलणे, स्वयंपाकघराची संख्या कमी होणे, पोचवणाऱ्याच्या यादीतून नाव जाणे, आणि बंद केलेला डबा तरीही गेला तर काय करायचे ते. हे सगळे लिहून काढल्यावर दोनाचे सात दिवस झाले. हे लिहून काढणे हीच मेहनत मोजण्याची खरी पायरी आहे. कामाचे तुकडे दोन दिवसांहून मोठे राहिले तर अजून काहीतरी लपलेले आहे असे समजावे.

त्यावर आणखी एक गुणाकार. आमची मागची तीन कामे काढली. तीन दिवसांचे धरलेले पाच दिवसांत झाले, पाचांचे अकरांत, चारांचे सहांत. एकूण धरले बारा, लागले बावीस. म्हणजे सुमारे १.८ पट. तेव्हा आता प्रत्येक अंदाजाला १.८ ने गुणून वर पूर्णांकात धरतो. जोडीदाराला हे अपमानास्पद वाटले. मी म्हटले, त्या अकरा दिवसांच्या कामाचा अंदाज माझा होता. तुमच्याकडे जुनी नोंद नसेल तर दुप्पट धरा आणि आजपासून नोंद ठेवा.

असे करून आकडे आले: डबा बंद १३ दिवस, आठवण ४, वारावर शाकाहारी ६, ऑटोपे ११.

काम करण्याचे दिवस वेगळे आणि वाट पाहण्याचे वेगळे. एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी मंचावर आपली नोंदणी, हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. ऑटोपेला पेमेंट गेटवेची मंजुरी हवी, आणि पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. या वाट पाहण्यात तुमचे हात अडकत नाहीत, म्हणून ते दिवस मेहनतीत धरू नका. पण अर्ज पहिल्याच दिवशी टाका, नाहीतर चार दिवसांचे काम तयार होऊन मंजुरीसाठी ताटकळत बसते.

भागाकार, आणि त्याच्या मर्यादा

शीटमध्ये कल्पना A रकान्यात, कारण B मध्ये, जास्तीची माणसे, खात्री आणि दिवस पुढच्या C, D, E या तिघांत. गुण असे:

```
=C2*D2/E2
```

आठवण: ३ × ०.८ ÷ ४ = ०.६०. डबा बंद: ६ × ०.८ ÷ १३ = ०.३७. शाकाहारी वार: २ × ०.८ ÷ ६ = ०.२७. ऑटोपे: १ × ०.५ ÷ ११, म्हणजे ०.०५ च्या आसपास.

यादी तयार झाली असे वाटते, पण स्वयंपाकघराची यादी राहिली. आज ती वहीत आहे. डबा बंद काय किंवा शाकाहारी वार काय, अ‍ॅपमधली निवड रोज पहाटे आपोआप मार्गावार यादीत उतरली नाही तर वैनींना दोन्हीकडे बघावे लागेल आणि दुसऱ्याच दिवशी गोंधळ होईल. ही यादी बनवायला ६ दिवस. ग्राहकाला ती दिसत नाही, म्हणून तिचे गुण शून्य. नुसत्या गुणांवर चाललो असतो तर ती तळाला गेली असती आणि वरची दोन कामे अर्ध्यावर अडली असती.

ज्याच्यावर इतर कामे उभी आहेत त्याला एकटे गुण देऊ नका, गठ्ठ्याला द्या. यादी, डबा बंद आणि शाकाहारी वार मिळून २५ दिवस, आणि जास्तीची माणसे खात्रीसह ६.४. गुण ०.२६. आठवणीच्या खाली, ऑटोपेच्या खूप वर. एवढे कळले की पुरे. ०.२६ आणि ०.२९ यांत फरक शोधत बसू नये. आत घातलेले सगळेच अंदाज आहेत. वरचे, मधले आणि खालचे असे तीन ढीग पाडले की भागाकाराचे काम संपते.

आणखी एक सावधगिरी. माणसे आणि दिवस दोघांनी वेगवेगळे लिहावेत आणि मग समोरासमोर ठेवावेत. एकत्र बसून लिहिले की आवाज मोठा त्याचा आकडा लागतो. आणि कोणी गुण पाहून झाल्यावर खात्री ०.५ वरून ०.८ करू लागला, तर त्याला ती कल्पना आवडते एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः कोकणी-मराठी पडद्यांसाठी हे करताना पकडला गेलो.

हातात खरे दिवस किती

तीन महिने म्हणजे १३ आठवडे. आमचे दोघांचे मिळून आठवड्याला सात दिवस, म्हणजे ९१. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, यंदा १४ सप्टेंबरला आहे. त्या आठवड्यात आणि पुढचा अर्धा आठवडा गोव्यात कोणी काम करील ही आशाच करू नये. माटोळीचे सामान, करंज्या आणि गावाकडची घरे यांतच सगळे असतात. त्याचे दहा दिवस वजा. उरले ८१. मागच्या तिमाहीत दर सात दिवसांतले दोन दिवस दुरुस्त्या, ग्राहकांचे फोन आणि स्टोअरवरचे बदल यांत गेले होते. तेही वजा केले की ५८. त्यातला साधारण पाचवा भाग, ११ दिवस, रिकामे. आपण खरे वाटून देतो ते ४७.

पहिल्यांदा हिशेब करणाऱ्याला हा आकडा खोटा वाटतो. ९१ पैकी जवळपास निम्मे गेले कुठे? ते नेहमीच जात होते. आधी फक्त लिहिलेले नव्हते.

मग दिनदर्शिका

महिन्यावार धरले तर जुलैत २३ दिवस, ऑगस्टमध्ये २१ आणि चवथीमुळे सप्टेंबरात १४.

यंदा अधिक मासामुळे श्रावण उशिरा, १३ ऑगस्टला लागतो. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, ट्रॉलर समुद्रात जातात, बाजारात नुस्ते येऊ लागते, आणि दोन आठवड्यांत आमचे निम्मे ग्राहक नुस्ते सोडतात. ही थट्टा दर वर्षी थोड्याफार फरकाने होतेच. म्हणून शाकाहारी वाराची सोय, संपूर्ण श्रावण शाकाहारी हा पर्याय धरून, १३ ऑगस्टच्या आत लोकांच्या हातात हवी. त्यानंतर आली तर पुढच्या वर्षापर्यंत तिचा अर्धा उपयोग गेला. गुणांत ती डबा बंदच्या खाली होती, तरी ती आधी घेतली. तारखेला बांधलेले काम तारखेप्रमाणेच लागते.

तसाच डबा बंदचाही मुहूर्त आहे. चवथीला सगळेच डबा बंद करणार. ती सोय त्याआधी दोन आठवडे तरी चालू होऊन तिच्यातल्या चुका निघून गेल्या पाहिजेत. म्हणून ३१ ऑगस्टपर्यंत सगळ्यांकडे, आणि ५ सप्टेंबरपासून चवथ होईस्तोवर नवीन काही सोडायचे नाही.

जुलै असा लागला: यादी ६, आठवण ४, शाकाहारी वार ६. आणि आणखी चार दिवसांचे एक काम, ज्याचे गुण शून्य आहेत.

वैनींना नकाशा हवा होता. आमच्या हिशेबाने तो २५ दिवसांचा. नाही म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अरे बाबा, दिसाक पंदरा फोन येतात. हांव रांदूं काय फोन घेवूं?’ मग दोन दिवस ते फोन कधी येतात आणि काय विचारतात ते लिहून ठेवले. बहुतेक साडेबारा ते एकच्या मध्ये, आणि प्रश्न एकच: डबा निघाला का? डबा नेमका कुठल्या वळणावर आहे याच्याशी कोणाला देणेघेणे नव्हते. पोचवणाऱ्या मुलाने निघताना एक बटण दाबायचे आणि त्या मार्गावरच्या सगळ्यांना अ‍ॅपवर ‘डबा निघाला’ अशी सूचना जायची, एवढे केले तरी पुरे. पंचवीसाऐवजी चार दिवस. आमचा आकडा याने हलणार नाही, हे शीटमध्ये तसेच लिहून ठेवले आहे. ज्या बाईच्या हाताला चव आहे तिचा दुपारचा तास वाचवायला चार दिवस खर्च करणे मला मान्य आहे. पण असा अपवाद तिमाहीला एकच, आणि तो उघडपणे. खात्री वाढवून गुणांत लपवला तर शीटवरचा विश्वासच जातो.

जुलैची बेरीज २०. तीन दिवस रिकामे. ऑगस्टमध्ये फक्त डबा बंद, १३ दिवस, आणि आठ रिकामे, कारण हे काम सर्वांत मोठे आणि त्याचा अंदाज चुकण्याचा धोकाही सर्वांत जास्त. ते आधी एकट्या फर्मागुडीच्या मार्गावर सोडायचे. प्ले स्टोअरवर काही टक्के लोकांनाच नवी आवृत्ती देता येते खरी, पण ते लोक तिन्ही मार्गांवर विखुरतील आणि वैनींना प्रत्येक यादीत दोन प्रकारचे ग्राहक सांभाळावे लागतील. म्हणून मार्गाप्रमाणे चालू-बंद करण्याची कळ आपल्याच सर्व्हरवर ठेवायची.

सप्टेंबरचे १४ दिवस मुद्दाम नाव न देता ठेवले आहेत. तिथे दोन उमेदवार आहेत, ऑटोपे आणि कोकणी-मराठी पडदे. तिसऱ्या महिन्याचे काम जूनमध्ये पक्के करणे म्हणजे दोन महिन्यांत काही नवे कळणार नाही असे गृहीत धरणे. निवड १ सप्टेंबरला, तोवरच्या नोंदी बघून. विसरून गेलेल्यांचा आकडा आठवणीच्या संदेशानंतरही खाली आला नसेल, तर ऑटोपेचे गुण आपोआप वर जातील.

या सगळ्याची बेरीज आठवणीचे २.४ आणि गठ्ठ्याचे ६.४, म्हणजे जवळजवळ नऊ माणसे. ६२ चे ७१ होतील. सुरुवातीला उत्साहात आम्ही ८० लिहिले होते. ते खोडून ७० केले.

घसरण कशी ओळखायची

दर दुसऱ्या शुक्रवारी शीटमध्ये दोन रकाने भरतो: धरलेले दिवस आणि लागलेले दिवस. सहा दिवसांच्या यादीला नऊहून जास्त लागले, तर ‘डबा निघाला’ पुढे ढकलायचा, हे आजच लिहून ठेवले आहे. कापायचे काय ते शांतपणे आधी ठरवलेले बरे. घसरण झाल्यावर ठरवायला बसले की सगळेच महत्त्वाचे वाटते.

दुसरी खूण म्हणजे दारातून आत शिरणारी नवी कल्पना. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात कुंडईच्या एका कारखान्याने विचारले, आमच्या चाळीस कामगारांचे एकत्र बिल देणार का? चाळीस डबे म्हणजे मोह मोठा. आम्ही तिला इतरांसारखेच लिहून काढले. यादी, बिल, जीएसटी, कामावर न आलेल्यांचे डबे असे धरून नऊ दिवस निघाले. पुन्हा पैसे भरणाऱ्यांच्या आकड्याशी तिचा संबंध नव्हता, पण धंद्याशी होता. मग वैनींनाच विचारले, चाळीस डबे जास्तीचे रांधता येतील का? त्या म्हणाल्या, दुसरी शेगडी आणि आणखी एक बाई मिळाल्याशिवाय नाही, आणि चवथीपूर्वी बाई मिळायची नाही. कल्पना सप्टेंबरच्या तिसऱ्या उमेदवाराच्या ओळीत गेली, समोर शेरा: ‘शेगडी आली का, ते आधी बघणे.’